max च्या गणितात अट लिहिली नाही तरी उत्तर बरोबर आलं, मग मार्क का कापायचे?

रविवारची_शिकवणी:
माझ्याकडे अकरावीची एक मुलगी येते शिकायला. तिला क्लासच्या टेस्टमध्ये गणित होतं, max(2x−3, 6−x) > 5 सोडवा. तिने लिहिलं, केस १: 2x−3 > 5 म्हणजे x > 4. केस २: 6−x > 5 म्हणजे x < 1. उत्तर x < 1 किंवा x > 4. उत्तर बरोबर आहे, मी ग्राफ काढून पाहिला. तरी ४ पैकी २ मार्क, कारण म्हणे कोणती राशी कधी मोठी ती अट लिहिली नाही. मला हा अन्याय वाटतो. तुमचं मत?

खडूची_धूळ:
मार्क कापले ते बरोबरच केलं. ‘केस’ हा शब्द लिहिलास की कशाची केस ते सांगावं लागतं ना. 2x−3 ही 6−x पेक्षा मोठी किंवा तेवढीच कधी, तर x ≥ 3. म्हणजे पहिल्या केसमध्ये x ≥ 3 आणि x > 4, त्यातून x > 4. दुसऱ्यात x < 3 आणि x < 1, त्यातून x < 1. तिचं उत्तर जुळलं ते नशिबाने. चिन्ह फिरवून तीच पद्धत करून बघा, max(2x−3, 6−x) < 5. तिच्या पद्धतीने x < 4 किंवा x > 1, म्हणजे अख्खी संख्यारेषा! आता x = 10 टाका, 2x−3 होतं 17, ते 5 पेक्षा लहान आहे का? नाही ना. अट घातली की 3 ≤ x < 4 आणि 1 < x < 3, दोन्ही मिळून 1 < x < 4, आणि हेच खरं उत्तर.

पाटीपेन्सिल:
नशीब कसलं हो त्यात? पहिल्या गणितात तिचं उत्तर अट नसतानाही बरोबरच यायला पाहिजे. दोघांतला मोठा 5 च्या वर आहे म्हणजे काय, तर दोघांपैकी निदान एक तरी 5 च्या वर आहे. 2x−3 जर 5 च्या वर गेली तर मोठी कोण हे बघायची गरजच काय, मोठी जी कोण असेल ती तिच्यापेक्षा कमी तर नाही ना. म्हणून max > असेल तर ‘किंवा’, max < असेल तर ‘आणि’, min ला याच्या उलट. केसेस करायच्याच कशाला, पोरांना उगाच राबवता.

खडूची_धूळ:
मान्य, पण ती मुलगी हे कारण देत नाहीये ना! तिने ‘केस १, केस २’ लिहिलंय. ‘दोघांपैकी एक 5 पेक्षा मोठी असली की पुरे’ एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर मी स्वतः ४ पैकी ४ दिले असते. आणि हा ‘आणि-किंवा’ मंत्र बरोबरीत घेऊन जा बघू. max(2x−3, 6−x) = 2. पोरं काय करतात, एक 2 किंवा दुसरी 2, x = 2.5 किंवा x = 4. दोन्ही चूक. x = 2.5 ला दुसरी राशी 3.5 आहे, x = 4 ला पहिली 5 आहे. या max चा ग्राफ x = 3 ला टोक असलेला V आहे आणि टोकाची उंचीच 3 आहे, तर 2 मिळणार कुठून. उत्तरच नाही.

ताळेबंदवाले_काका:
आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे, फक्त x नसतो. जुन्या कररचनेत घरभाड्याची सूट तिघांतली सर्वात लहान रक्कम: मिळालेला घरभाडे भत्ता, भरलेलं भाडं वजा पगाराच्या 10 टक्के, आणि पगाराच्या 40 किंवा 50 टक्के. समजा पगार वर्षाला 6 लाख, भत्ता 2 लाख 40 हजार. गिऱ्हाईक विचारतं, साहेब 1 लाख 20 हजार सूट हवी तर भाडं किती पाहिजे. सर्वात लहान रक्कम 1 लाख 20 हजारांच्या खाली जायला नको म्हणजे तिन्ही त्याच्या वर पाहिजेत. भत्ता आहेच, 40 टक्के धरले तरी 2 लाख 40 हजार, तेही आहे. राहिलं भाडं: भाडं वजा 60 हजार निदान 1 लाख 20 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार, महिन्याला 15 हजार. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, मुलीने वर्षाला 1 लाख 80 हजार भाडं… बरं, प्रश्न मार्कांचा होता वाटतं. असो.

रविवारची_शिकवणी:
काका 😄 मुलगी अजून आईबापाच्या घरी राहते. पण min निदान इतका म्हणजे सगळे निदान इतके, हे तुमच्या उदाहरणातून झकास कळलं.

पाटीपेन्सिल:
बरोबरीचं पटलं, पण त्यात मंत्राचा दोष नाही. = 2 चे दोन भाग करा, max ≤ 2 आणि max ≥ 2. पहिल्यासाठी दोन्ही 2 च्या आत पाहिजेत, म्हणजे x ≤ 2.5 आणि x ≥ 4. जमतच नाही, काम तिथेच संपलं. बेरीज असली तरी मंत्र चालतो. खडूताई, max(2x−3, 6−x) + min(x, 4) ≤ 8 हे केस न करता सोडवून दाखवतो. max साठी ‘आणि’, त्याच्या आत min साठी ‘किंवा’. पहिली बाजू: 3x−3 ≤ 8 किंवा 2x+1 ≤ 8, म्हणजे x ≤ 11/3 किंवा x ≤ 3.5, त्यात मोठा घ्यायचा, x ≤ 11/3. दुसरी बाजू: 6 ≤ 8 किंवा 10−x ≤ 8, पहिलंच नेहमी खरं. झालं, x ≤ 11/3.

खडूची_धूळ:
उत्तर बरोबर आहे, मी केसेसने ताडून पाहिलं. x < 3 ला बेरीज सरळ 6, 3 पासून 4 पर्यंत 3x−3, पुढे 2x+1. पण माझ्या तीन ओळींत ग्राफ डोळ्यापुढे येतो, तुमच्यात ‘आणि’च्या पोटात ‘किंवा’, परीक्षेच्या गडबडीत पोरं ते उलटंपालटं करणारच. आणि बाहेरून x ने गुणलं की काय करणार? x ऋण झाला की max चा min होतो, तिथे x चं चिन्ह बघून केस करावीच लागते.

नुसता_वाचक:
मधेच एक शंका. x = 3 ला दोन्ही राशी सारख्या, मग 3 कुठल्या केसमध्ये घालायचा? आमचे सर म्हणायचे मोठीच्या बाजूला, पण तिथे मोठी कोणीच नाही!

पाटीपेन्सिल:
कुठेही घाला, दोन्हीकडे घातलात तरी बिघडत नाही. दोन्हीकडून काढलात तर मात्र < 5 च्या उत्तरात 1 ते 4 मध्ये 3 ला भोक पडेल. उत्तरात अचानक एकच आकडा गळालेला दिसला की आधी हीच जागा तपासायची.

रविवारची_शिकवणी:
मी आज तिला < 5 वालं गणित दिलं, काही न सांगता. तिने परत अट लिहिली नाही, उत्तर आलं ‘सगळे x’. मग मीच म्हटलं x = 10 टाकून बघ, तर दोन मिनिटं गप्प, आणि मग स्वतःच x ≥ 3 लिहायला लागली. २ मार्कांचा राग अजून गेलेला नाही पण. तिचाही आणि माझाही.

खडूची_धूळ:
माझ्या मते ३ द्यायला हवे होते. २ जरा कडकच.

पाटीपेन्सिल:
४!