‘६० टक्के पाणी वाचवतो’ म्हणे! कशातलं ६० टक्के?

एका सलूनची पोस्ट, जशीच्या तशी: "आमचं सलून आता संपूर्ण पर्यावरणपूरक! नव्या शॉवरमुळे ६० टक्के पाण्याची बचत, रिफिल बाटल्यांमुळे प्लास्टिकमुक्त सेवा. केस आमच्याकडे, काळजी पृथ्वीची!"

पाणीमोजे
शेवटची ओळ वाचली आणि राहवलं नाही. सलूनवाल्यांचा राग नाही, आकड्याचा आहे.

हा ६० टक्के बहुतेक शॉवरच्या खोक्यावरचा. जुना शॉवर मिनिटाला १० लिटर सोडायचा, नवा ४ सोडतो. झाली ६० टक्के बचत. पण ही तोटीची बचत झाली. डोकं धुवायला किती पाणी लागलं, ते यात कुठे आहे?

आता धरून चाला की पूर्वी शाम्पू आणि कंडिशनर धरून नळ एकूण ५ मिनिटं चालू राहायचा. म्हणजे ५० लिटर. नव्या शॉवरला जोर कमी, त्यात दाट लांब केस. मानेमागचा फेस निघता निघत नाही, कारण तिथेच डोकं बेसिनला टेकलेलं असतं. वेळ गेला ८ मिनिटांवर, म्हणजे ३२ लिटर. बचत ३६ टक्के. वाईट नाही, पण ६० नव्हे.

पुढे चला. दिवसाला २० डोकी धरली तर बेसिनचं पाणी हजार लिटर. टॉवेल, फरशी, रंगाच्या वाट्या आणि संडासाचे आणखी ५०० धरा. एकूण १५००, त्यातले वाचले ३६०. म्हणजे सलूनचं पाणी २४ टक्क्यांनी घटलं. शॉवर एकच, आकडे तीन, आणि जाहिरातीत नेमका सगळ्यात मोठा. बरं, तो कशाचा आहे तेही लिहिलेलं नाही.

"संपूर्ण पर्यावरणपूरक" बद्दल तर बोलायलाच नको. स्वतःच्या मालाबद्दल स्वतःच पर्यावरणाचे दावे करायचे तर आयएसओ १४०२१ नावाचं मानक आहे. असले मोघम शब्द वापरू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

कात्रीबाई
झालं? मन भरलं? मी स्वतः सलून चालवते. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, रंगाने बोटं फुटतात. त्यातून कोणी चार चांगल्या गोष्टी करायला गेलं की तुमच्यासारखे खुर्चीत बसून टक्के काढतात. जे सलून काहीच करत नाही त्याला कोणी विचारत नाही. ज्याने शॉवर बदलला त्याचीच उलटतपासणी! मग पुढच्या वेळी तोही बदलणार नाही. आणि ते मानक सलूनमध्ये कोण वाचतं हो?

साधा_ग्राहक
पाण्याबद्दल +१. मी सलूनमध्ये केस धुऊन घेतले की आठवडाभर गळतात, घरी धुतले तर नाही. हा जड पाण्याचा परिणाम का? कमी पाण्याचा शॉवर लावला तर गळती कमी होईल का?

पाणीमोजे
@साधा_ग्राहक, धागा गळक्या केसांचा नाही हो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

@कात्रीबाई, काहीच न करणारा फुशारकीही मारत नाही. फुशारकी मारली की हिशेब मागणार. अवघड नाहीये. बादलीवर १० लिटरची खूण करा, शॉवर पूर्ण सोडा आणि भरायला किती वेळ लागला ते पाहा. शॉवरचा खरा वेग तो, कारण खोक्यावरचा आकडा एका ठरावीक दाबाचा असतो आणि तुमच्या टाकीचा दाब वेगळा. शॉवर बदलण्याआधी एक महिना आणि नंतर एक महिना मीटरचं वाचन घ्या, आणि त्याला धुतलेल्या डोक्यांच्या संख्येने भागा. डोकी मोजलीच पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाईक कमी आलं तरी बचत दिसेल.

निर्मळ
एवढं कशाला? सल्फेट नसलेला शाम्पू वापरा. फेसच कमी, मग पाणीही कमी. आणि चोळताना नळ बंद ठेवला की अर्धं काम झालं.

कात्रीबाई
@निर्मळ, नळ बंद करायचं खरंय, नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी तेच शिकवते. शाम्पूचं मात्र ऐकीव आहे. फेस येत नाही म्हणून गिऱ्हाईक म्हणतं अजून घाला, आणि दोनदा धुवावं लागतं. खरं पाणी जातं रंग काढताना. केसांवर थेट शॉवर सोडला तर रंग निघता निघत नाही. आधी ओंजळभर पाणी घेऊन मुळांशी बोटांनी फिरवायचं, रंग सैल होऊन सायीसारखा होतो, मग धुवायचा. नळाखालचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. वाटीतला उरलेला रंग जुन्या टॉवेलच्या तुकड्याने पुसून मग वाटी धुवायची. याची जाहिरात कोणी करत नाही, कारण यात विकत घ्यायचं काही नाही.

पाणीमोजे
वा! अहो, मग हेच लिहा ना फलकावर. माझं म्हणणं दुसरं काय होतं?

कात्रीबाई
तुमचं म्हणणं टोमण्यात होतं.

नळदुरुस्त
प्लंबिंग करतो. दोघांनाही एक गोष्ट दिसलेली नाही. सकाळच्या पहिल्या डोक्याला गरम पाणी येईपर्यंत नळीतलं गार पाणी सोडावं लागतं. २० मिलिमीटरची नळी बेसिनपर्यंत १५ मीटर असेल तर तिच्यात जवळजवळ ५ लिटर बसतं. शॉवर कोणताही लावा, ते ५ लिटर जाणारच, फक्त कमी वेगाच्या शॉवरने जास्त वेळ जाणार. बादलीत धरा, फरशीला वापरा. किंवा गीझर बेसिनजवळ आणा.

दुसरं. गॅसचा झटपट गीझर असेल तर ४ लिटरचा शॉवर लावण्याआधी विचारा. बहुतेक गीझरला पेटून राहायला मिनिटाला २ ते ३ लिटर तरी वाहतं पाणी लागतं. शॉवरमध्ये निम्मं गार मिसळलं की गीझरमधून दोनच लिटर चालतात आणि तो मध्येच विझतो. गिऱ्हाईक ओरडतं, सलूनवाला म्हणतो शॉवर बोगस, आणि जुना परत बसतो. अशा कामांना मी गेलोय. गीझरचं तापमान खाली आणा, म्हणजे गार कमी मिसळावं लागेल आणि गीझर चालू राहील.

तिरकस
सगळे पाण्यात बुडालेत. "प्लास्टिकमुक्त" कोणी पकडलं का? रिफिल बाटली काय मातीची आहे? ती ज्यातून भरतात तो कॅन कशाचा?

निर्मळ
कॅन मोठा, म्हणजे प्लास्टिक कमी. साधं गणित आहे.

तिरकस
कमी आणि मुक्त यात फरक आहे, साहेब. ५ लिटरचा रिकामा कॅन मी काट्यावर ठेवला, २२० ग्रॅम. अर्ध्या लिटरची बाटली पंपाशिवाय ४५. अशा दहा बाटल्यांचे झाले ४५०. म्हणजे निम्म्याहून थोडं कमी. तेवढंच लिहा. आणि बाटल्यांचा पंप भंगारवाला वेगळा काढून टाकतो, कारण आत धातूची स्प्रिंग असते.

फणीधर
रिफिलचं नाव काढू नका. एका सलूनमध्ये शाम्पूला ओल्या फडक्यासारखा वास येत होता. विचारलं तर म्हणे नैसर्गिक सुगंध! बाटली वर्षानुवर्षं धुतलेलीच नव्हती, रोज वरून भर घालायची. माझ्या बायकोच्या टाळूला पुरळ आलं त्यानंतर. पर्यावरण पर्यावरण करत लोकांना आजारी पाडणार का?

कात्रीबाई
त्याच शाम्पूने पुरळ आलं हे कशावरून? उगाच घाबरवू नका.

फणीधर
तुम्ही बाटल्या कधी धुता ते सांगा आधी.

कात्रीबाई
मी धुते. सगळे धुतात असं म्हणणार नाही. काही ठिकाणी शाम्पूत पाणी घालून वाढवतात, तेही मला माहीत आहे. बस?

रसायनवाले
सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात काम केलंय. पुरळ कशाने आलं ते इथे बसून कोणालाच सांगता येणार नाही, पण वास खरा असू शकतो. शाम्पूत परिरक्षक ठरावीक प्रमाणात असतो. पाणी घातलं की तो पातळ होतो, आणि अर्धी बाटली शिल्लक असताना वरून भरलं की जुन्यातले जंतू नव्यात जातात. बेसिनजवळची ओली, कोमट हवा त्यांना सोयीचीच. वास बदलला, शाम्पू पाण्यासारखा सुटायला लागला किंवा रंग उतरला तर बाटली ओतून द्या. वास आला नाही म्हणजे ठीक, असं मात्र नाही.

बाटली पूर्ण संपू द्यायची, पंपासकट गरम पाण्याने धुवायची, उलटी ठेवून पूर्ण कोरडी करायची, मगच भरायची. कॅनवरचा बॅच क्रमांक आणि मुदत बाटलीवर चिकटवायची. दोन जोड बाटल्या ठेवल्या तर वाळायला वेळ मिळतो.

तिरकस
आणि त्या धुण्याला लागणारं पाणी कोणाच्या खात्यात? पाणीमोजे, या!

पाणीमोजे
सलूनच्याच खात्यात. म्हणून तर सगळ्याचा एक मीटर हवा.

फणीधर
म्हणजे रिफिल बंदच करा ना.

रसायनवाले
तसं मी म्हटलेलं नाही. बरोबर करा म्हटलंय. एका माणसापुरत्या पुड्या आल्या तर त्यांच्या थरांच्या वेष्टनाचं पुढे काहीच होत नाही. तो पर्याय बरा का?

निर्मळ
काही ठिकाणी एकदा वापरून टाकायचे "विघटनशील" टॉवेल आलेत. ते धुवायचं पाणीही वाचतं.

तिरकस
कुठे विघटन होतं? औद्योगिक कंपोस्टमध्ये, जिथे ढीग ५८ अंशांच्या आसपास तापतो, की तुमच्या कचऱ्याच्या डब्यात? तसलं कंपोस्ट जवळ नसेल तर तो शब्द लिहू नका.

कात्रीबाई
बरं, पंडितहो. माझ्या फलकावर उद्या हे लावते: "शॉवर बदलल्यानंतर आमच्या मीटरप्रमाणे एका डोक्यामागे सरासरी इतके लिटर पाणी कमी लागतं. शाम्पू मोठ्या कॅनमधून येतो, बाटल्या धुऊन भरतो." टक्का नाही, पृथ्वी नाही. आता कोणी वाचणार नाही, पण तुम्हाला समाधान.

पाणीमोजे
"इतके" च्या जागी आकडा आणि कोणत्या महिन्यांचा ते घाला. आणि सरासरीत रंगाची डोकी धरलीत की नाही तेही.

कात्रीबाई
फलक आहे तो, शोधनिबंध नव्हे. रंगाचं वेगळं मोजत बसायला माझ्याकडे माणूस नाही.

नळदुरुस्त
वेगळा माणूस नको. रंगाच्या बेसिनच्या नळीवर वेगळा छोटा मीटर बसतो, आठवड्यातून एकदा वाचायचा. पण गीझर कोणता आहे ते आधी सांगा.

कात्रीबाई
गॅसचा. आणि हो, मध्येच विझतो.