आरशातला पिवळा दिवा लागत नाहीये, म्हणजे बाजूला कोणी नाही?

वैभव, ए-402: गाडीवाल्यांना एक प्रश्न. काल हायवेवर धो धो पावसात डॅशबोर्डवर मेसेज आला, ब्लाइंड स्पॉट मॉनिटर उपलब्ध नाही. ओके दाबल्यावर गेला. नंतर घरी येईपर्यंत आरशातला पिवळा दिवा एकदाही लागला नाही. सिस्टीम सुरू झाली असेल ना?

मीनल, बी-103: मेसेज गेला म्हणजे झाली असेल की.

देशमुख काका, सी-201: नाही हो. ओके दाबल्याने फक्त मेसेज जातो, बिघाड तिथेच राहतो. आणि इथेच खरी गोम आहे. बाजूला कोणी नसेल तर दिवा बंद असतो आणि सिस्टीम बंद पडली तरीही बहुतेक गाड्यांत तो बंदच असतो. आरशाकडे बघून दोन्हीतला फरक कळत नाही. त्यामुळे मेसेज दिसला की त्या प्रवासापुरता दिवा नाहीच असं समजायचं.

वैभव: पण सकाळी गाडी सुरू केली तेव्हा दोन्ही आरशांतले दिवे क्षणभर लागले होते.

देशमुख काका: त्यावरून एवढंच कळतं की दिवे शाबूत आहेत. बघण्याचं काम आरसा करत नाही. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आत, रडार सेन्सर असतात, ते करतात. बंपरवर चिखल बसला किंवा पाण्याचा जाड थर आला की रडारला नीट दिसत नाही आणि गाडी स्वतःच सिस्टीम बंद करते. एका बाजूचा सेन्सर अडला तरी बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजू बंद होतात.

फरीदा, ए-604: काका, मग पावसाचा अडथळा की खरा बिघाड, हे ओळखायचं कसं?

देशमुख काका: बंपरचे कोपरे ओल्या फडक्याने पुसा, कोरडे होऊ द्या, गाडी बंद करून पुन्हा सुरू करा आणि थोडी चालवा. अडथळा असेल तर मेसेज परत येत नाही. मग दोन-तीन लेनच्या रस्त्यावर आपल्या लेनमध्येच राहा आणि एखादी गाडी ओव्हरटेक करून जाऊ द्या. ती बाजूच्या आरशातून निसटायच्या सुमारास दिवा लागला, तर रडार बघतंय. कोरड्या, स्वच्छ गाडीतही मेसेज येत राहिला तर मग सेन्सर, वायरिंग किंवा कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. ते स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही.

वैभव: तोवर लेन बदलताना?

देशमुख काका: मधला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, आणि वळायच्या आधी खांद्यावरून एक नजर. ही नजर सिस्टीम चालू असतानाही हवीच. का ते सांगतो. साध्या सिस्टीमची नजर आरशापासून मागच्या बंपरच्या साधारण 3 मीटर मागेपर्यंतच असते. तुम्ही 60 ने चाललाय, बाजूच्या लेनमध्ये मागून कोणी 100 ने येतोय. फरक 40 चा, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. तो त्या 3 मीटरच्या पट्ट्यात शिरला की पाव सेकंदात तुमच्या बंपरपाशी! तुम्हाला लेन बदलायला 4 सेकंद लागतात धरा. तेवढ्यात तो 44 मीटर अंतर तोडतो. म्हणजे तुम्ही स्टिअरिंग वळवलं तेव्हा तो 40 मीटर मागे होता आणि दिवा बंद होता, सिस्टीम ठणठणीत असूनही. लांबून वेगाने येणारी गाडी ओळखणारी सिस्टीम काही मॉडेलांत असते, आपल्यात आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा.

मीनल: बाप रे. मी तर फक्त दिवाच बघते 🙈

देशमुख काका: आरसेही जरा बाहेर वळवून ठेवा. डोकं ड्रायव्हरच्या काचेला टेकवायचं आणि त्या बाजूच्या आरशात आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका तो बाहेर वळवायचा. दुसऱ्या आरशासाठी डोकं गाडीच्या मध्यावर न्यायचं. ब्लाइंड स्पॉट बराच कमी होतो.

फरीदा: आमचा मागचा बंपर मध्ये ठोकून रंगवून घेतला होता. मेसेज काही येत नाही, पण हल्ली बाजूला गाडी येऊन ठेपली तरी दिवा उशिरा लागतो.

देशमुख काका: हे जास्त वाईट, कारण गाडी काही सांगतच नाही. पुट्टीचा जाड थर किंवा मेटॅलिक रंगाचे कोटावर कोट बसले तर रडारचा सिग्नल कमजोर होतो. आतली पट्टी थोडी वाकली असेल तर सेन्सर भलतीकडे बघतो. वर्कशॉपला नुसतं चेक करा म्हणू नका, स्कॅनरवर बिघाडाचा कोड नाही म्हणून गाडी परत देतील. बंपरचं काम झालंय हे सांगा आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन करायला सांगा.

फरीदा: बरं झालं विचारलं. उद्याच नेते.

देशमुख काका: आणि वैभव, मागून आडवी येणारी गाडी दाखवणारा अलर्टही बहुतेक याच सेन्सरवर चालतो. पार्किंगमधून रिव्हर्स घेताना तोही गप्प असेल. खाली मुलं खेळत असतात, संध्याकाळी जरा जपून.

वैभव: हो काका. आत्ताच बंपर पुसून सुरू करून पाहिली, मेसेज पुन्हा आला. कोरडी ठणठणीत आहे.

देशमुख काका: मग पाऊस नव्हे. मेसेजचा फोटो काढून ठेवा आणि स्कॅनिंगला न्या.