वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात झुरळं, मुंग्या, पाली : बडोदेकरांनो, अनुभव लिहा

चोकडीवाली
आपल्याकडे मशीन बहुतेक घरांत चोकडीत नाहीतर मागच्या बाल्कनीत असतं. पावसाळा लागला की तिथली भिंत दिवाळीपर्यंत सुकत नाही, आणि गटाराची जाळी मशीनपासून हातभर अंतरावर. किडा बोर्डापर्यंत नेमका कुठून पोचतो आणि हवा न अडवता ती वाट कशी बंद करायची, हे करून पाहिलेल्यांनी लिहावं. कंपन्यांची नावं नकोत.

सोल्डरवाला
दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात मोठी वाट मशीनच्या बुडाची. बऱ्याच मशीनना खाली पत्रा नसतोच. फ्रंटलोड कलंडून पाहिलं तर मोटर, पट्टा, ड्रमचे दांडे उघडे दिसतात. दुसरी वाट मागची, जिथून ड्रेनचा पाइप आणि वायर बाहेर येतात.

आत गेलेलं झुरळ ऊब शोधतं. प्लग चालू असला की मशीन बंद असतानाही बोर्डाचा सप्लायचा भाग कोमट राहतो, आणि ते नेमकं तिथे बसतं. त्याची विष्ठा दमट हवेत ओलावा धरते. मग रिलेच्या, म्हणजे मोटर-हीटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, दोन पायांमधून थोडा थोडा करंट वाहायला लागतो, तिथला बोर्ड काळा पडतो आणि एक दिवस तो मार्ग पूर्ण जळतो. म्हणजे झुरळ कधीच निघून गेलेलं असलं तरी बोर्ड नंतर मरतो. पालीचं वेगळं. ती दोन टोकांना एकदम टेकते आणि क्षणात फ्यूज उडवते.

उपाय स्टेनलेस स्टीलच्या जाळीचा, भोक साधारण एक मिलिमीटरचं. प्लास्टिकची मच्छरजाळी उंदीर कुरतडतो. बुडाच्या चौकटीपेक्षा जाळी चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त कापायची, कडा दुमडून घ्यायच्या आणि पत्र्याच्या चौकटीला चपट्या चुंबकांनी धरायची, म्हणजे मेकॅनिकला काढता येते. जाळी सपाट आणि ताणलेली हवी. कपड्यांच्या वजनाने ड्रम खाली बसतो, त्यामुळे वर फुगलेली जाळी पट्ट्यात अडकू शकते. बुडाला पुठ्ठा किंवा चिकटपट्टी लावू नका, मोटरला हवा तिथूनच मिळते.

मशीन कलंडायच्या आधी प्लग काढा, खालच्या फिल्टरमधून पाणी सोडा. दोघांनी मिळून मागे भिंतीला टेकवा आणि पुढून लाकडी ठोकळा द्या. फ्रंटलोडमध्ये सिमेंटचं वजन असतं, एकट्याने करू नका.

मांजलपूरकर
एवढं कशाला? धुणं झालं की प्लग काढायचा आणि आत डांबराच्या चार गोळ्या टाकायच्या. ऊब नाही, वर वास, झुरळ येणारच नाही.

सोल्डरवाला
प्लग काढायचं बरोबर आहे, ते सगळ्यांनीच करावं, आणि नळही बंद करावा. पण ऊब गेली तरी अंधार आणि ओल राहतेच, तेवढ्यावर झुरळं राहतात. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत. त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, कपड्यांना वास लागतो, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांच्या बाबतीत तो धोका घेऊच नये. आत स्प्रेही मारू नका. बऱ्याच स्प्रेमधलं द्रावण पेट घेणारं असतं, रिलेची ठिणगी पुरते.

दांडियाबाजारची सून
आमच्या टॉपलोडच्या ड्रमला पावसाळ्यात कुबट वास येतो आणि कपड्यांवर काळे कण लागतात. व्हिनेगर घातलं तर जाईल का?

चोकडीवाली
वहिनी, काळे कण बहुधा ड्रमच्या मागे साठलेल्या साबणाच्या थराचे. रिकामं मशीन सगळ्यात गरम पाण्यावर चालवा आणि झाकण उघडं ठेवून ड्रम सुकू द्या. पण कण कोरडे आणि मशीनच्या मागे जमिनीवर असतील तर ते वेगळं. कण जिऱ्याएवढे आणि एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर पालीची विष्ठा, नसेल आणि कण अगदी बारीक असतील तर झुरळाची.

पाइपवाले काका
ड्रेनच्या पाइपाबद्दल कोणी नीट लिहिलं नाही. मशीनचा पाइप भिंतीतल्या जाड नळीत नुसता खुपसलेला असतो आणि भोवतीच्या फटीतून गटारातली मोठी लाल झुरळं वर येतात. विश्वामित्री नदीला पाणी चढलं की तर रांग लागते. लोक ती फट एमसीलने बुजवतात. तसं केलं की हवा जायला जागा उरत नाही, सायफन लागतो, आणि मशीन भरत असतानाच पाणी गटारात ओढलं जातं. मग मशीन पाणी घेतच राहतं, आणि लोक पाण्याचा व्हॉल्व्ह बदलून बसतात.

पाइपाच्या मापाचं भोक असलेलं रबरी झाकण घ्या, त्यात शेजारी पेन्सिलीएवढं दुसरं भोक पाडा आणि त्यावर आतून जाळी चिकटवा. पाइपाची कमान जमिनीपासून किती उंच हवी ते मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेक फ्रंटलोडना साधारण ६० ते १०० सेंटिमीटर.

अलकापुरी
डिशवॉशरचं कसं? ओट्याखाली बसवलाय, जाळी लावायला बाहेर काढता येत नाही.

सोल्डरवाला
तिथे बुडापेक्षा कपाटाच्या फळीतलं भोक बघा, ज्यातून पाइप आणि वायर सिंकखालून येतात. सुतार ते मुठीएवढं पाडतो. स्टील वूल दाबून भरा आणि वरून सिलिकॉनची पातळ रेघ द्या. डिशवॉशरमध्ये किडा दाराच्या आतल्या पोकळीत आणि बाजूच्या जाड आवरणात घर करतो. बऱ्याच मॉडेलमध्ये दाराच्या वरच्या पट्टीतच बटणांचा बोर्ड असतो. फिल्टरमधलं खरकटं रोज काढा. दार थंड होईपर्यंत किलकिलं ठेवा, रात्री मात्र बंद करा.

झुरळांसाठी जेल सिंकखालच्या बिजागऱ्यांपाशी आणि कोपऱ्यांत, मोहरीच्या दाण्याएवढे ठिपके. यंत्राच्या आत नाही. आणि जेल लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारू नका, झुरळं जेलकडे फिरकत नाहीत.

रावपुरा
माझा त्रास मुंग्यांचा. मशीनच्या भिंतीवरच्या स्विचमध्येच भरतात, जाळीचा काय उपयोग?

पाइपवाले काका
मुंगीला जाळी अडवत नाहीच. पाव लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम साखर आणि अर्धा लहान चमचा बोरिक पावडर विरघळवा, कापसावर घेऊन रांगेच्या वाटेवर ठेवा, मुलं आणि जनावरांच्या हाताबाहेर. पावडर जास्त घातली तर मुंगी वाटेतच मरते आणि वारुळापर्यंत काही पोचत नाही. आठवडाभर धीर धरा. स्विचमध्ये मुंग्या मेल्या असतील तर स्विच बदला. मेलेल्या मुंग्यांच्या वासाने आणखी येतात आणि स्विचचा संपर्क बिघडतो.

अलकापुरी
घरच्या घरी बोर्ड साफ करावा का?

सोल्डरवाला
वॉरंटी असेल तर हात लावू नका. तसंही किड्यांनी केलेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत धरत नाहीत, पण उघडल्याची खूण दिसली की बाकीचंही नाकारतात. वॉरंटी संपली असेल तर प्लग काढून किमान दहा मिनिटं थांबा, इन्व्हर्टर मशीनच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी राहू शकतो. नंतर मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाणी नाही.

एक खूण लक्षात ठेवा. मशीन सुरू होतं, पाणी घेतं आणि पाणी तापायच्या वेळी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा मेन स्विच, पडते, तर बोर्डाला दोष देऊ नका, आधी हीटर तपासा. प्लग लावताच पडते, किंवा बटण न दाबता प्रोग्राम बदलतो, तेव्हा बोर्ड उघडून बघा.

मांजलपूरकर
मग वर कोटिंगचा स्प्रे मारून टाकायचा, कायमचं काम.

सोल्डरवाला
कनेक्टर आणि उघडे रिले झाकून मारलात तर चालतो, नाहीतर पिना चिकटतात. मी जुन्या मशीनना मारतो.

पाइपवाले काका
मी मारू देत नाही. पुढच्या वेळी सुटा भाग बदलायचा झाला की कोटिंग खरवडण्यातच अर्धा दिवस जातो.