कॉमन एमिटरचा गेन हाताने १७८, एलटीस्पाइसमध्ये १२५. मदत हवी आहे

राजारामपुरी_ई३
BC547, १२ व्होल्ट सप्लाय, व्होल्टेज डिव्हायडर बायस, एमिटरला बायपास कपॅसिटर. हाताने गेन १७८ येतो आणि सिम्युलेशनमध्ये १ किलोहर्ट्झला १२५ च्या आसपास. बायस जुळतोय, कलेक्टरला ७.४ आणि एमिटरला १.४ व्होल्ट दोन्हीकडे तेच. सोमवारी जर्नल द्यायचंय. फरक कुठून येतोय, सांगा लवकर.

उद्यमनगर_बेंच
किमती कुठायत? लोड आहे का? सोर्सला रेझिस्टन्स किती? नेटलिस्ट टाक की.

गंगावेस_ऑडिओ
बीटाचा घोळ आहे. वर्गात १०० धरतात, मॉडेलमध्ये तीनशेच्या जवळ असतो. मॉडेलमधला BF १०० कर, जुळेल.

राजारामपुरी_ई३
बीटा बदलून पाहिला, गेन जेमतेम हलला. लोड नाही. ही नेटलिस्ट:

```
* BC547 common emitter
Vcc vcc 0 12
Vin in 0 AC 1 SIN(0 5m 1k)
C1 in b 10u
R1 vcc b 47k
R2 b 0 10k
RC vcc c 3.3k
RE e 0 1k
CE e 0 10u
Q1 c b e BC547B
.lib standard.bjt
.ac dec 20 10 1Meg
.end
```

पन्हाळा_रोड
माझ्याही प्रीअ‍ॅम्पला असाच त्रास होता, नुसती घरघर. सप्लायवर १०० मायक्रोफॅरड टाकला, वायरी आखूड केल्या, आवाज स्वच्छ झाला.

राजारामपुरी_ई३
दादा, हे ब्रेडबोर्डवर नाही, सिम्युलेशन आहे.

उद्यमनगर_बेंच
सोर्स आदर्श आहे, म्हणून बीटाने फरक पडत नाही. आता त्याच आलेखावर १ किलोहर्ट्झची फेज बघ. १८० दिसते का?

राजारामपुरी_ई३
नाही, उणे १४० च्या आसपास आहे. पण CE तर नियमाने घेतलाय. रिअ‍ॅक्टन्स RE च्या दहाव्या भागापेक्षा कमी हवा, तो १६ ओहम येतो आणि RE १००० आहे. कटऑफही १६ हर्ट्झ निघतो.

उद्यमनगर_बेंच
घोडं तिथंच पेंड खातंय. कपॅसिटरला एमिटरकडून दिसणारा रेझिस्टन्स RE नाही. RE ला समांतर ट्रान्झिस्टरचा स्वतःचा re बसतो, २६ मिलिव्होल्ट भागिले १.४ मिलिअँपिअर, म्हणजे साडेअठरा ओहम. १६ ओहमची तुलना त्याच्याशी कर. खरा कटऑफ ८६० हर्ट्झच्या आसपास पडतो आणि तू मोजतेस १ किलोहर्ट्झला, म्हणजे आलेख अजून चढतोय तिथेच. दोघांची बेरीज काटकोनात होते, साडेअठरा आणि १६ मिळून सुमारे २४.४. ३३०० भागिले २४.४ केलं की १३५. फेज चाळीस अंशांनी सरकली तीही यामुळेच. CE १०० मायक्रोफॅरड करून बघ.

रंकाळा_नवखा
मध्येच विचारतो. .ac मध्ये आउटपुट १२५ व्होल्ट दाखवतं, सप्लाय तर १२ चा. ट्रान्झिस्टर जळणार नाही का?

उद्यमनगर_बेंच
.ac आधी बायस काढतं आणि त्या बिंदूपाशी सर्किट सरळ रेषेचं मानतं. त्याला सप्लायची मर्यादा कळत नाही. इनपुट १ दिलाय म्हणून आउटपुटचा आकडा हाच गेन. क्लिपिंग बघायचं तर .tran चालव.

राजारामपुरी_ई३
१०० मायक्रोफॅरडला गेन १६५, फेज उणे १७५. पण १७८ अजून नाहीच!

उद्यमनगर_बेंच
उरलेलं ट्रान्झिस्टरच्या आउटपुट रेझिस्टन्सचं. माझ्याकडच्या मॉडेलमध्ये VAF ६३ च्या जवळ आहे. त्यात VCE चे ६ मिळवून १.४ मिलिअँपिअरने भाग, ४९ किलोओहम येतात. ते RC ला समांतर धर, ३.३ चे ३.१ उरतात आणि गेन १६७ च्या आसपास येतो. खात्री करायची तर मॉडेलची प्रत काढून VAF=1e6 कर. आकडा १७८ कडे सरकला पाहिजे.

गंगावेस_ऑडिओ
फंक्शन जनरेटरला साधारण ५० किंवा ६०० ओहम असतातच. ६०० लावून बघ, बीटा लगेच बोलायला लागेल. आणि जर्नलमध्ये CE बदलू नको. १० च ठेव आणि हाताचं गणित दुरुस्त कर, तेच खरं शिक्षण.

उद्यमनगर_बेंच
६०० चं मान्य, तिथे इनपुट रेझिस्टन्स तीन किलोच्या घरात येतो आणि तो बीटावर अवलंबून आहे. CE चं नाही पटत. आवाजासाठी अ‍ॅम्प्लिफायर आणि ८६० हर्ट्झखाली गेन ढासळतोय, हे डिझाइनच चुकलेलं. बदलायलाच हवा.

राजारामपुरी_ई३
VAF वाढवल्यावर १७५ च्या वर गेला. दोन्ही CE चे आलेख एकाच पानावर लावते. पण .tran मध्ये इनपुट २० मिलिव्होल्ट केला तर आउटपुटचा वरचा अर्धा बसका आणि खालचा टोकदार येतो. कलेक्टर १२ लाही टेकत नाही, एमिटरच्या जवळही जात नाही. मग हे क्लिपिंग कसं?

गंगावेस_ऑडिओ
R2 थोडा वाढव, बायस मध्यावर आण.

उद्यमनगर_बेंच
बायसला हात लावू नको. ५ मिलिव्होल्टवर .four चालवून दुसरी हार्मोनिक किती येते ते टाक, मग २० वर टाक. २६ मिलिव्होल्टसमोर २० हा लहान सिग्नल नाही, एवढं ध्यानात ठेवून आकडे वाच.