नफा आहे, पण रोकड?

"ताळेबंदात एवढी गंगाजळी पडून आहे, मग लाभांश द्यायला काय हरकत आहे?"

पडून नसते हो! गंगाजळी म्हणजे आजवरचा किती नफा कंपनीतच राहिला याची नोंद. तो पैसा बहुधा यंत्रांत, मालात, उधारीत गेलेला असतो. समजा, वर्षाचा नफा १०० कोटी. विक्री वाढली म्हणून ग्राहकांकडची येणी ५० कोटींनी वाढली, गोदामातला माल ३० कोटींनी. घसारा वगैरे सोडून देऊ. हातात आले २० कोटीच. लाभांश ४० कोटी द्यायचा तर उरलेले शिलकीतून किंवा कर्ज काढून आणावे लागतील, आणि काही कंपन्या तेही करतात.

त्यामुळे आधी रोख प्रवाहाचा तक्ता बघा. येणी वर्षानुवर्षं विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील, तर लाभांश न देण्यासाठी कंपनीने सांगितलेलं 'विस्तारासाठी नफा राखला' हे कारण मी तरी सहज मान्य करणार नाही. वसुलीच होत नसेल.