मदत हवी आहे: जुन्या कृष्णधवल फोटोचं साल कसं ओळखायचं?

गोठणेकर
राजापूरजवळच्या आमच्या घरी जुन्या ट्रंकेत एक फोटो सापडला. एक म्हातारी बसलेली, मागे तरुण जोडपं, पुढे चार-पाच वर्षांचा मुलगा. पाठी खांब, जिना आणि बाग रंगवलेला पडदा. मुलगा म्हणजे माझे आजोबा असावेत, जन्म १९१२. म्हणजे फोटो १९१७ च्या आसपासचा. वंशावळ गणपतीआधी छापायला द्यायची आहे. साल बरोबर आहे का, कृपया लवकर सांगा.

किनारा
खांब आणि जिन्याचा पडदा म्हणजे राणीच्या काळातला. १८९५ धरून चाला.

जुनाअल्बम
पडद्यावरून असं साल निघत नाही. तालुक्याच्या गावात एकदा रंगवून घेतलेला पडदा वीस-तीस वर्षं भिंतीवर असायचा, वडिलांचा पडदा मुलगा वापरायचा. गोठणेकर, फोटो टाका. नसेल जमत तर सांगा: जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे की सुटा? मागे काय छापलंय? तरुणाच्या डोक्यावर आणि मनगटावर काय? सुनेच्या बाह्या कशा?

गोठणेकर
फोटो इथे चढत नाहीये. सुटा आहे, पोस्टकार्डाएवढा. मागे मध्ये उभी रेघ आणि इंग्रजीत ‘पोस्ट कार्ड’. स्टुडिओचं नाव नाही. तरुण धोतर, कोट, काळी टोपी, हातात घड्याळ. सून नऊवारीत, बाह्या आखूड आणि फुगीर. म्हातारीचं लुगडं काळंकुट्ट, पदर डोक्यावरून. हे सगळं लागतं का? मला फक्त साल हवंय.

सुलभाताई
आमच्या फोटोंना पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. ओल्या फडक्याने पुसलं तर चालेल का?

जुनाअल्बम
सुलभाताई, पाणी अजिबात लावू नका, वरचा थर सुटून येतो. आधी फोटो कोरड्या जागी हलवा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

गोठणेकर, फोटोतली सगळ्यात नवी वस्तू शोधायची. फोटो तिच्याआधीचा असू शकत नाही. म्हातारी माणसं तरुणपणीचाच पेहराव पुढे चालवतात, म्हणून सुनेकडे बघा. आखूड फुग्याच्या बाह्यांचं पोलकं आपल्याकडे तिशीच्या दशकात आलं आणि चाळिशीतही होतं. मनगटी घड्याळही पहिल्या महायुद्धानंतरच सामान्य पुरुषांच्या हातात दिसू लागतं. १९१७ मला पटत नाही.

किनारा
फुग्याच्या बाह्या १८९० च्या दशकातही होत्या. जुन्या चित्रांत बघा.

जुनाअल्बम
होत्या, पण त्या खांद्याशी फुगून खाली मनगटापर्यंत घट्ट यायच्या. इथे बाही दंडावर संपते.

किनारा
आणि घड्याळ स्टुडिओवाल्याचं असेल तर? कोट तर भाड्यानेच मिळायचे.

जुनाअल्बम
असेलही. पण स्टुडिओत ठेवायला तरी घड्याळ त्या काळी मिळायला हवं ना? मालक कोणीही असो, काळ तोच राहतो.

आता म्हातारीचं लुगडं. ते बहुधा काळं नसून विधवा नेसायच्या ते लाल आलवण आहे. तेव्हाच्या बऱ्याच काचांना आणि फिल्मला लाल रंग उमटत नसे, तो काळा यायचा. सुनेचं कुंकू बघा. तेही शाईच्या ठिपक्यासारखं काळं असेल तर शंका फिटेल. म्हातारीच्या कपाळावर कुंकू आहे का? पणजोबा कधी गेले?

गोठणेकर
सुनेचं कुंकू काळंच आहे. म्हातारीच्या कपाळावर काही नाही. पणजोबा १९२६ साली गेले. पण मग ही पणजी की पणजोबांची आई?

जुनाअल्बम
पणजोबांची आई कधी वारली ते कळल्याशिवाय तिला वगळता येत नाही. पण बाह्यांचा काळ धरला तर जोडपं आजी-आजोबांचं वाटतं, आजोबा पंचविशीचे, आणि बसलेली पणजी. तुमच्या वडिलांचे कोणी मोठे भाऊ?

गोठणेकर
मोठे काका १९३४ चे. चुलत काका १९३७ चे, तेही लहानपणी आमच्याच घरी वाढले.

माडबन
फोटो कुठे काढला हेही विचारा. तेव्हा आमच्याकडचे लोक जैतापूरहून बोटीने मुंबईला जायचे आणि तिथे फोटो काढून यायचे. मुंबईची फॅशन गावात पोचायला वेळ लागायचा. फोटो गावाकडचा असेल तर साल पुढे सरकेल.

जुनाअल्बम
हे महत्त्वाचं आहे. मोठे काका असतील तर १९३८-३९, चुलत काका असतील तर १९४१-४२. बाह्यांवरून या दोनांत निवड होत नाही, पोस्टकार्डाच्या कागदावरूनही नाही. तो कागद वर्षानुवर्षं चालला. नातेवाईकांकडचे लग्न-मुंजीचे फोटो काढून तोच पडदा शोधा. लग्नाची तारीख पत्रिकेत सापडते. पडद्याची एखादी घडी किंवा चीर दोन्ही फोटोंत सारखी असेल तर काळ जवळचा. आणि दोन्ही काकांच्या मोठेपणीच्या फोटोंतले कान या मुलाच्या कानांशी ताडून बघा. कानाची घडण वयाने फारशी बदलत नाही.

गोठणेकर
चुलत काकांच्या मुलीला आत्ताच फोन केला. तिच्याकडे त्यांच्या मुंजीचा फोटो आहे, पण पाठी साधी भिंत आहे म्हणते. कान बघून कळवतो. तोवर वंशावळीत ‘अंदाजे १९४०’ घालू का?

किनारा
१८९५ च घाला.

जुनाअल्बम
‘१९३५ ते १९४५’ घाला, आणि मुलाचं नाव रिकामं ठेवा.