मदत हवी आहे: ड्युरिंग की व्हाइल? इन टाइम की ऑन टाइम? (गाडीचे मेसेज)

डिस्पॅच_चाकण
नमस्कार मंडळी. मी चाकणला एका छोट्या प्रेसशॉपमध्ये डिस्पॅच बघतो. शाळा मराठी माध्यमाची, नंतर आयटीआय. गिऱ्हाइकाच्या प्लॅनिंगला ज्या मॅडम आहेत त्या चेन्नईच्या, त्यामुळे दिवसाला पंधरा-वीस मेसेज इंग्रजीत टाकावे लागतात. काम भागतं, पण मंगळवारी अडकलो.

आमच्या गाडीला दुपारी 2 चा स्लॉट होता. तळेगाव चौकात अडकली आणि 3:10 ला त्यांच्या गेटवर लागली. त्यांच्या लाइनवर संध्याकाळी 6 पर्यंत पुरेल इतका माल होता. उतरवायला पाऊण तास लागतो, पण मध्येच पाऊस आला, ताडपत्री ओढून वीस मिनिटं थांबलो. 4:15 ला सगळं आत. लाइन एक मिनिट थांबली नाही, म्हणून मी खुशीत मेसेज टाकला:

'मटेरियल रीच्ड ऑन टाइम. ड्युरिंग अनलोडिंग द ट्रक रेन केम, सो लिटल लेट. नो प्रॉब्लेम टू लाइन.'

उत्तर आलं: 'नॉट ऑन टाइम, प्लीज. इन टाइम, येस.'

आता साहेब विचारतायत की खोटं का लिहिलंस. मला दोन्हींचं मराठी 'वेळेवर' एवढंच येतं. शिवाय आमच्या सुपरवायझरने सांगितलं की ड्युरिंग चुकलं, व्हाइल पाहिजे. म्हणून दुसऱ्या दिवशी 'आय विल कॉल व्हाइल लंच' लिहिलं, तर तेही चूक निघालं. कोणी नीट सांगेल का?

टिंबटिंब
सोपं आहे. ड्युरिंगनंतर नाम, व्हाइलनंतर आयएनजीवालं क्रियापद. इन टाइम म्हणजे वेळेच्या आधी, ऑन टाइम म्हणजे ठोक्याला. पाठ करून टाका.

घड्याळजी
आमच्याकडे मशीनवर बोट लावलं की 'इन टाइम 9:02' आणि सुटताना 'आउट टाइम 6:10' असं येतं. गेटच्या रजिस्टरमध्येही गाडीचा इन टाइम असतोच. मॅडमनी तुम्हाला तोच विचारला असणार. 3:10 कळवून टाका, विषय संपला.

डिस्पॅच_चाकण
नाही हो, गेटची वेळ त्यांच्याकडे आहेच. त्यावरूनच तर मी पकडला गेलो.

पाटीपेन्सिल
घड्याळजी, तो इन टाइम म्हणजे आत शिरल्याची वेळ. शब्द तेच, वस्तू वेगळी. पण तुमच्यामुळे एक बरं झालं, गेटवाल्यांशी बोलताना हा घोळ होऊ शकतो हे लक्षात आलं.

डिस्पॅचभाऊ, मराठीत तुमच्याकडे एक नाही, दोन शब्द आहेत. 'गाडी वेळेवर आली' आणि 'वेळीच दवाखान्यात नेलं म्हणून वाचला'. दुसऱ्या वाक्यात 'वेळेवर नेलं' असंही आपण म्हणतो, पण 'वेळीच' म्हटलं की उशीर झाला असता तर काहीतरी बिघडलं असतं हे ऐकणाऱ्याला कळतं. ऑन टाइम म्हणजे ठरलेल्या वेळेला. त्यासाठी आधी एक ठरलेली वेळ असावी लागते: स्लॉट, टाइमटेबल, अपॉइंटमेंट. इन टाइम म्हणजे वेळीच, काम बिघडायच्या आत. त्यासाठी एक 'नाहीतर' असावं लागतं.

आता तुमचा मंगळवार बघा. ठरलेली वेळ 2, गाडी आली 3:10. म्हणजे ऑन टाइम नाहीच, सत्तर मिनिटं उशीर. 'नाहीतर' होतं संध्याकाळी 6 ला, लाइन थांबण्याचं. माल आत गेला 4:15 ला. म्हणजे इन टाइम, पावणेदोन तास हाताशी ठेवून. मॅडमनी चार शब्दांत अगदी बरोबर निवाडा दिला. तुम्हाला त्यांनी खोटारडं म्हटलं असं मला वाटत नाही. उलट अर्धं श्रेय देऊन टाकलं.

उलटंही घडतं. गाडी बरोबर 2 ला लागली, पण लाइन दीडलाच बंद पडली होती. तेव्हा ती ऑन टाइम आहे, इन टाइम नाही. म्हणून टिंबटिंब यांचं 'आधी' आणि 'ठोक्याला' हे पूर्ण पटत नाही. इन टाइम गाडी स्लॉटच्या आधी येईल, नंतर येईल, ती स्लॉटकडे बघतच नाही.

टिंबटिंब
मग जस्ट इन टाइमचं काय? आमच्या कंपनीत ट्रेनिंगला सांगितलं होतं, टोयोटाची पद्धत, माल अगदी ठोक्याला. तुमच्या हिशोबाने जस्ट ऑन टाइम म्हणायला हवं होतं.

पाटीपेन्सिल
नाव इन टाइम आहे त्याला कारण आहे. तिथे सुरुवात लाइनपासून होते. लाइनवर पुढचा भाग लागायच्या जरा आधी तो हजर पाहिजे, ढीग लावून ठेवायचा नाही. 'जस्ट' म्हणजे जेमतेम, 'इन टाइम' म्हणजे वेळीच. ऐनवेळी म्हणा हवं तर, पण उशीर न होता. स्लॉट ही त्यासाठी नंतर केलेली सोय. गिऱ्हाईक गाडी स्लॉटवर मोजतं आणि लाइन गरजेवर, म्हणून दोन्ही शब्द एकाच आवारात फिरतात.

रात्रपाळी
मी इंग्लंडमध्ये वॉर्डवर नर्स आहे, मूळची सांगलीची. गाड्यांचं मला काही कळत नाही, पण ड्युरिंग-व्हाइलवरून मी सुरुवातीला बोलणी खाल्ली आहेत, म्हणून लिहिते.

पाळी बदलताना आम्ही नोंद लिहितो. मी लिहिलं होतं: 'व्हाइल चेंजिंग द शीट, पेशंट फेल.' मनात साधं मराठी होतं, चादर बदलताना पेशंट पडला. सिस्टरनी बोलावून विचारलं, पेशंट स्वतः चादर बदलत होते का? मला आधी कळेचना काय चुकलं. चादर मी बदलत होते, ते कडेला खुर्चीवर बसले होते आणि उठायला गेले. पण इंग्रजी वाचणाऱ्याला बदलणारा आणि पडणारा एकच वाटतो. आता मी माणूस घालते: 'व्हाइल आय वॉज चेंजिंग द शीट, पेशंट फेल.' तुमच्या पावसाचंही तसंच होईल. व्हाइल अनलोडिंग लिहून पुढे रेन लिहिलंत तर पाऊसच ट्रक उतरवतोय!

पाटीपेन्सिल
ताईंनी जागा बरोबर पकडली. आपलं '-ताना' उदार आहे, दोन कर्ते चालवून घेतं. 'माल उतरवताना पाऊस आला' यात मराठी माणसाला काहीच खटकत नाही. इंग्रजीत व्हाइल-आयएनजी तेव्हाच लावायचं, जेव्हा दोन्ही कामं एकाच माणसाची असतील: 'व्हाइल अनलोडिंग द ट्रक, वुई फाउंड टू डॅमेज्ड बॉक्सेस'. उतरवणारे आम्ही, सापडले ते आम्हालाच. कर्ते वेगळे असले की पूर्ण वाक्य करा: 'इट रेन्ड व्हाइल वुई वेअर अनलोडिंग.'

ओळखायला मराठीच वापरा. मनात '-ताना' किंवा 'असताना' आलं तर व्हाइल. 'जेवणाच्या वेळी', 'पाळीत', 'प्रवासादरम्यान' असं नाम आलं तर ड्युरिंग. म्हणून 'कॉल ड्युरिंग लंच', पण 'कॉल व्हाइल आय ॲम हॅविंग लंच'. तुमचं 'व्हाइल लंच' मधोमध अडकलं.

टिंबटिंब
पण ड्युरिंग अनलोडिंग हे मी शंभर ठिकाणी वाचलंय. चूक कसं?

पाटीपेन्सिल
तेवढंच असेल तर चूक नाही. 'ड्युरिंग अनलोडिंग' म्हणजे 'उतरवणीच्या वेळी', तिथे अनलोडिंग नाम झालं. मालाच्या कागदांवर 'डॅमेज ड्युरिंग अनलोडिंग' सर्रास असतं. बिघडतं ते पुढे 'द ट्रक' चिकटवल्यावर. मग 'उतरवणीच्या वेळी ट्रक' असं काहीतरी होतं. एक तर 'ड्युरिंग द अनलोडिंग ऑफ द ट्रक' म्हणा, नाहीतर व्हाइलकडे जा. मला पहिलं जड वाटतं, मेसेजमध्ये तरी.

आणि 'दरम्यान'पासून सावध राहा. '2 ते 4 च्या दरम्यान गाडी येईल' म्हटलं की हात ड्युरिंगकडे जातो. तिथे ड्युरिंग नाही, बिट्वीन: 'बिट्वीन 2 अँड 4'. आपल्या एकाच दरम्यानमध्ये इंग्रजीचे दोन शब्द बसलेत. तसंच 'वीस मिनिटं थांबलो' याला ड्युरिंग ट्वेंटी मिनिट्स नव्हे, फॉर ट्वेंटी मिनिट्स. किती वेळ याला फॉर, कशाच्या वेळी याला ड्युरिंग.

घड्याळजी
आमचे साहेब 'विदिन टाइम' लिहितात. ते कुठे बसतं?

रात्रपाळी
आमच्या इथे तसं कोणी म्हणताना ऐकलं नाही. मुदत सांगून 'विदिन टू अवर्स' म्हणतात.

पाटीपेन्सिल
आपल्याकडच्या ऑफिसांत चालतं, समजतंही. पण 'वेळेत' इतकं ढोबळ लिहिल्यावर समोरचा विचारणारच, कुठल्या वेळेत? नुसत्या इन टाइमचीही तीच गत. ते एकटं सोडलं तर कधीकधी 'कालांतराने' असाही अर्थ निघतो. 'मटेरियल विल रीच इन टाइम' वाचून कुणाला वाटेल, येईल कधीतरी. मागे कशासाठी ते जोडा: 'इन टाइम फॉर सेकंड शिफ्ट'. आणि उशीर होणारच असेल तर शब्दांत न अडकता घड्याळ लिहा: 'डिलेड, विल रीच बाय 3:15'. बाय म्हणजे जास्तीत जास्त तेवढं.

डिस्पॅच_चाकण
सगळ्यांचे आभार. मंगळवारचा मेसेज पुन्हा लिहून बघितला:

'व्हेईकल लेट बाय 70 मिनिट्स, रीच्ड गेट 3:10. इट रेन्ड व्हाइल वुई वेअर अनलोडिंग, वुई वेटेड फॉर 20 मिनिट्स. मटेरियल इनसाइड ॲट 4:15, इन टाइम फॉर द लाइन.'

साहेबांना दाखवला. ते म्हणाले पहिलं वाक्य कशाला, स्वतःहून उशीर का कबूल करायचा?

टिंबटिंब
साहेब बरोबर बोलतायत.

पाटीपेन्सिल
गेटवर 3:10 लिहिलेलं असताना काय लपवणार? मी तर ठेवलं असतं. एकच बघा, 'लेट बाय 70' आणि 'बाय 3:15' यातले बाय वेगळे आहेत. पहिला 'इतक्याने', दुसरा 'इतक्यापर्यंत'. एकाच मेसेजमध्ये दोन्ही आले तर गडबड होईल.

डिस्पॅच_चाकण
हे नवीनच निघालं. अजून एक विचारू? स्लॉट 2 चा म्हणजे गाडी 2 ला गेटवर, की 2 ला डॉकवर? परवा 1:50 ला गेटवर होतो, डॉक मिळाला 2:40 ला. ऑन टाइम लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही.

घड्याळजी
इन टाइम तर 1:50 चाच ना!

पाटीपेन्सिल
हा इंग्रजीचा प्रश्न नाही. तुमच्या ऑर्डरच्या कागदावर स्लॉट कुठला धरतात ते बघा. सापडेपर्यंत 'ॲट गेट 1:50, डॉक 2:40' एवढंच लिहा.